घराची वाटणी : भावंडांना पत्र कसे लिहू?

प्रश्न : आई-वडिलांच्या पश्चात घरावरून धाकटा भाऊ आणि बहीण बोलत नाहीत. भाऊ त्याच घरात राहतो. मी थोरला. दोघांना पत्र लिहून तोडगा सुचवायचा आहे. काय लिहू?

उत्तर : घर वडिलांनी स्वतः घेतलेले आणि मृत्युपत्र नाही, असे धरतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तुम्हा तिघांचा हिस्सा सारखा आहे, बहिणीचे लग्न झालेले असले तरीही. पत्राची सुरुवात इथूनच करा. किंमत स्वतः ठरवू नका. तिघांना मान्य असलेल्या मूल्यांककाकडून काढून घ्या.

समजा, ती ६० लाख निघाली. मग भावाला उद्देशून असे लिहा : "प्रत्येकाचे २० लाख होतात. घर तुला ठेवायचे असेल तर आम्हा दोघांना २०-२० लाख दे. हप्ते चालतील, तारखा आत्ताच ठरवू. जमत नसेल तर घर विकून तीन भाग करू." आईच्या आजारपणाचा खर्च भावाने केला असेल तर तो बिले पाहून वेगळा मिटवा. हिश्श्यात मिसळला की भांडण तिथेच अडते.

"मी हक्क सोडतो" असे पत्रात लिहू नका. तेवढ्याने हक्क सुटत नाही, गैरसमज मात्र होतो. हक्कसोडपत्राची नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच करावी लागते. पैसे घेऊन हक्क सोडल्यास मुद्रांक शुल्क वाढू शकते, ते आधी विचारा. आणि बहिणीने शेवटचा हप्ता हाती पडेपर्यंत सही करू नये.