बिल्ल्यावर ‘बी’ही मावला पाहिजे आणि लक्ष्मणशास्त्रीही

हे बघ गं, परिषदेच्या मराठी-इंग्रजी बॅजचं काम तुझ्याकडे आलंय म्हटल्यावर तू आधी रंग आणि लोगो घेऊन बसली असशील. ते राहू दे बाजूला. बॅजचं काम एकच. समोरच्याने दोन मीटरवरून, मान न वाकवता नाव वाचलं पाहिजे. त्यामुळे सुरुवात नावांच्या यादीपासून कर, आणि यादी हातात यायच्या आधी कस लावायला चार नावं मी देते ती घे.

आपल्या नाशिकमध्येच २०२१ च्या डिसेंबरात आडगावला ९४ वं साहित्य संमेलन झालं, जयंत नारळीकर अध्यक्ष होते. संमेलननगरीला नाव दिलं होतं कुसुमाग्रज नगरी. समजा, मराठीतले सगळे लेखक-कलावंत तिथे नोंदणीच्या टेबलापाशी रांगेत उभे आहेत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके आहेत, विहितगावचे बाबूराव बागूल आहेत, लक्ष्मणशास्त्री जोशी आहेत, आणि एका अक्षराचं टोपणनाव घेऊन लिहिणारे कवी बी आहेत. तुझ्या मांडणीत ही चारही नावं नीट बसली, तर खऱ्या यादीतलं फारसं काही तुला अडवणार नाही.

पहिला निर्णय कागदावरचा नाही, फॉर्ममधला आहे. बहुतेक जण पूर्ण नाव मागतात आणि मग पहिला शब्द मोठा, बाकीचे लहान, असं कॉम्प्युटरला सांगून मोकळे होतात. आपल्याकडे ते चालत नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या बॅजवर मग मोठ्या अक्षरात ‘वि.’ येईल. कुणाला माणसं आडनावाने ओळखतात, कुणाला टोपणनावाने, कुणाला नुसतं ‘ताई’ लावून. म्हणून फॉर्ममध्ये वेगळा रकाना ठेव, ‘बॅजवर मोठ्या अक्षरात काय हवं?’ त्याखाली दुसरा, ‘पूर्ण नाव, मराठीत’, आणि तिसरा, ‘पूर्ण नाव, इंग्रजीत, तुम्ही लिहिता तसं’. हा तिसरा रकाना आपल्या मनाने भरू नकोस. शिरवाडकरमध्ये डब्ल्यू लिहायचा की व्ही, हे ज्याचं नाव त्याने ठरवायचं. पासपोर्टवर एक आणि गळ्यात दुसरं असलं की माणूस दिवसभर अवघडतो.

आता मांडणी. ए-सिक्स उभा कागद घे, म्हणजे १०५ मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना ८ सोडले की नावाला ८९ मिलिमीटर उरतात. मोठ्या नावासाठी तीनच आकार ठरव. मी ५४, ४४ आणि ३६ पॉइंट घेते. नाव ५४ मध्ये बसलं तर ५४, नाहीतर ४४, नाहीतर ३६. जागा भरेपर्यंत अक्षर ताणणारी आपोआप सोय असते ना, ती बंद ठेव. तिच्या नादी लागलीस तर ‘बी’ सगळा बॅज व्यापून बसेल आणि शेजारी उभ्या धुंडिराजांचं नाव त्याच्या पावभर दिसेल. एकाच परिषदेत माणसांना असं लहानमोठं करायचं नाही. ‘बी’ला ५४ च मिळेल, उरलेली जागा मोकळी राहील, आणि ती मोकळीच चांगली दिसते. नाव डावीकडून सुरू कर, मधोमध नको. मोठ्या नावाला दोन ओळींची जागा कायम राखून ठेव. नाव एका ओळीत संपलं तरी खालचा इंग्रजी मजकूर वर सरकवू नकोस. प्रत्येक बॅजवर तो त्याच उंचीवर असला की बघणाऱ्याची नजर शोधत फिरत नाही.

नाव बसतंय की नाही हे अक्षरं मोजून ठरवू नकोस, इथे फसायला होतं. एक्सेलमध्ये `LEN` लावलंस तर ‘लक्ष्मणशास्त्री’ १५ भरतं, कारण प्रत्येक मात्रा आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलन्त ते वेगळा मोजतं. डोळ्याला मात्र ल, क्ष्म, ण, शा, स्त्री अशी पाचच दिसतात. त्यामुळे मोजायची ती छापील रुंदी, आणि तीही सगळ्यात लांब शब्दाची. ‘धुंडिराज फाळके’ दोन ओळींत तुटेल, पण ‘लक्ष्मणशास्त्री’ मधून तोडता येत नाही. एखादा शब्द ३६ मध्येही मावत नसेल तर त्या माणसाला फोन कर आणि मोठ्या अक्षरात दुसरं काय चालेल ते विचार. छपाईच्या दुकानातल्या मुलाला सांगून नाव आडवं चेपून घेऊ नकोस. चेपलेलं लगेच ओळखू येतं. काना बारीक होतो आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते. तसंच इंग्रजीत अक्षरं जरा लांब लांब ठेवायची हौस असते ती मराठीत केलीस की शिरोरेषेचे तुकडे पडतात.

दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवू नकोस. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात. वरच्या ओळीत ‘मृत्युंजय’ आणि खाली ‘शिर्के’ लिहून बघ. वरचा उकार खालच्या रफारात घुसत असेल तर अंतर वाढव. अक्षराच्या आकाराच्या १.३५ पटीपासून सुरू कर आणि फॉन्टप्रमाणे कमीजास्त कर. फॉन्ट असा घे ज्यात दोन्ही लिप्या एकाच हाताने काढलेल्या आहेत. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता मला या कामाला आवडतो. इंग्रजी नाव २० पॉइंटच्या आसपास, पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान. सगळी कॅपिटल केलीस की लांब नावं आणखी लांबतात.

एका बाजूला मराठी आणि मागे इंग्रजी, अशी कल्पना कुणीतरी सुचवेलच. ऐकू नकोस. एका भोकाला अडकवलेला बॅज चालताना फिरतो, आणि मग निम्म्या वेळा नको ती लिपी समोर येते. दोन्ही बाजूंना दोन्ही लिप्या छाप, अगदी तीच मांडणी.

छापायला द्यायच्या आधी यादी रुंदीप्रमाणे लाव. वरची दहा आणि खालची दहा खऱ्या मापात छापून भिंतीवर चिकटव आणि दोन मीटरवरून वाच. मग ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाडे’, ‘कुऱ्हाडे’ ही आडनावं शोध. हच्या डोक्यावर रफार बसलेला दिसला तर ते चुकीचं टाइप झालंय. तिथे हच्या आधी आडवी वळणदार रेघ हवी. पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे गेली असेल किंवा जोडाक्षर सुटून हलन्ताचा पाय लटकत असेल, तर सॉफ्टवेअर मराठी जुळवत नाहीये. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला की ते सुटतं. आणि कुणी जुन्या फॉन्टात टाइप केलेली नावं पाठवली असतील तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करून बघ. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला की ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावी लागतील. सगळं बरोबर दिसलं की फाइल कर्व्ह करून मगच छापखान्यात पाठव, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षर हलणार नाही.

काही कोरे बॅज आणि एक जाड काळा मार्कर टेबलावर ठेवच, आयत्या वेळी येणारे असतातच. आणि फॉर्म अजून बाहेर गेला नसेल तर आजच त्यात तो मोठ्या अक्षराचा रकाना घाल. फॉन्ट, अंतर, आकार सगळं नंतर बदलता येतं. लोकांना काय म्हणून हाक मारलेली आवडते, हे मात्र त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.