मुलांच्या कॅफीनचा घरगुती हिशेब

दहावी-बारावीच्या घरात चहा-कॉफीवरून जी वादावादी होते, ती बहुतेक वेळा ‘दिवसाला किती कप’ या प्रश्नावर अडून बसते. पण कप मोजून फारसं काही कळत नाही. एका कपात किती मिलिग्रॅम कॅफीन होतं आणि तो किती वाजता घेतला, हे दोन्ही कळलं तरच हिशेब लागतो. त्यासाठी वजनकाटा, एक वही आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचण्याइतका उजेड पुरे.

आधी मुलाचं वजन करा

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी एक मर्यादा सुचवली: दिवसाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे 3 मिलिग्रॅम. म्हणजे 40 किलोच्या मुलीला 120 आणि 50 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. निरोगी प्रौढाला हीच संस्था दिवसभरात 400 मिलिग्रॅमपर्यंत हरकत नाही म्हणते. आपण पितो तेवढं मुलांनाही चालेल, हा हिशेब इथेच चुकतो.

हा आकडा छताचा आहे, रोज तिथवर पोचायचं नाही. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत 10 ते 18 वयासाठी दिवसाला एक कप चहा किंवा कॉफी पुरे म्हटलं आहे, तेही कॅफीनचं दुसरं काही पोटात जात नसेल तरच. रोजच्या वागण्यासाठी हा एक कप धरावा आणि किलोचा हिशेब ‘आज जास्त झालं का’ हे तपासायला ठेवावा, असं माझं मत आहे. हृदयाचा आजार, ठोक्यांची अनियमितता, झटके किंवा पॅनिकचा त्रास असलेल्या मुलांना यातला कुठलाच आकडा लावू नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मग आठवडाभर नोंद

वही मुलाच्याच हातात द्या. काय घेतलं, केवढं घेतलं, किती वाजता घेतलं आणि रात्री झोप कधी लागली, एवढंच लिहायचं. या आठवड्यात एक शब्दही बोलायचा नाही. पहिल्याच दिवशी रागावलात, तर दुसऱ्या दिवसापासून वहीत फक्त दूध दिसेल.

चहा-कॉफी सोडून बाकीचंही वहीत आलं पाहिजे: कोला, कोल्ड कॉफी, ग्रीन टी, क्लासबाहेरच्या दुकानातली एनर्जी ड्रिंकची बाटली. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. मुलगा जिममध्ये जात असेल तर ‘प्री-वर्कआउट’ पावडरचा डबा मागून घ्या. अशा काही पावडरींच्या एका चमच्यात 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफीन असतं, म्हणजे पन्नास किलोच्या मुलाचं छत एका घोटात ओलांडलं जातं. ही पावडर कमी करायची नाही, बंदच करायची.

कपांचे मिलिग्रॅम करा

आयसीएमआरच्या पोषण संस्थेने 150 मिलीच्या कपासाठी दिलेले आकडे घरच्या हिशेबाला पुरतात. चहात 30 ते 65, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि फिल्टरसारख्या उकळत्या पाण्याने उतरवलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम. चहा किती कडक, पावडर किती चमचे, यावर आकडा हलतो. त्यामुळे एकेका मिलिग्रॅमवर भांडू नका. कॅफेतला मोठा ग्लास मात्र एक कप धरू नका. त्यात कॉफीचे किती शॉट घातले ते काउंटरवर विचारा.

एनर्जी ड्रिंकचा आकडा लेबलवरच असतो. आपल्याकडच्या नियमांनुसार अशा पेयात लिटरला 145 पेक्षा कमी आणि 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन नसावं लागतं. म्हणून 250 मिलीची बाटली म्हणजे जास्तीत जास्त 75 मिलिग्रॅम. आकडा शंभर मिलीचा आहे की अख्ख्या बाटलीचा, हे नीट बघा, कारण तिथे हमखास गफलत होते. मग त्याच लेबलवर मुलाला बोट ठेवायला लावा. ‘दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त नको’ ही ओळ मुलांना बरोब्बर पाठ असते आणि ती दाखवून ते म्हणतात, “बघ ना आई, दोन चालतात.” जवळच दुसरी ओळ असते: लहान मुलांसाठी शिफारस नाही. पाचशे मिलीची मुभा मोठ्यांसाठी आहे.

आता एक दिवस मांडून पाहू. समजा मुलगा दहावीत आहे, वजन 48 किलो, म्हणजे छत 144 मिलिग्रॅम. सकाळी सातला कपभर चहा, धरा 40. दुपारी चारला इन्स्टंट कॉफी, 60. सहाला क्लासच्या आधी एनर्जी ड्रिंक, 75. रात्री दहाला अभ्यासासाठी परत कॉफी, 60. बेरीज 235. आईला विचारलं तर ती म्हणेल, “एक चहा आणि दोन कप कॉफी, एवढंच तर घेतो.” तेवढ्याचेही 160 होतात, आणि बाटली तिला माहीतच नसते.

घड्याळ लावा

खरी मेख इथे आहे. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. हाच दिवस रात्री बारा वाजता तपासा. दहाच्या कॉफीतले सुमारे 45 मिलिग्रॅम शिल्लक, सहाच्या बाटलीतले 33, चारच्या कॉफीतले 20, सकाळच्या चहाचे जेमतेम 4. मिळून शंभरच्या वर. म्हणजे पोरगं अंथरुणावर पडतं तेव्हा दीड कप कॉफी नुकतीच प्यायल्यासारखी स्थिती असते. झोप उथळ होते, सकाळी सहाला गजर होतो, डोकं जड असतं, आणि मग चहा. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. याला साडेपाच मिळते.

म्हणून वेळेचा नियम मात्रेच्या आधी लावा: झोपायच्या आठ तास आधी शेवटचा घोट. साडेदहाला झोपायचं असेल तर दुपारी अडीचनंतर काही नाही. आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यांतली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलींच्या बाबतीत हे आवर्जून पाळा.

काय बोलायचं

“हृदय बंद पडेल” असं सांगू नका. वर्गातली दहा पोरं रोज पितात आणि ठणठणीत दिसतात, त्यामुळे तुमचंच बोलणं खोटं ठरतं. त्यापेक्षा यंत्रणा सांगा. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि ते आपल्या जागी जाऊन बसलं की झोप येते. कॅफीन त्या जागा अडवतं. दाराची बेल काढून ठेवली म्हणून पाहुणा गेलेला नसतो, तो दारातच उभा असतो. कॅफीन उतरलं की सगळा थकवा एकदम आत येतो. आणि दिवसा केलेला अभ्यास पक्का व्हायला झोप लागते, हे परीक्षेच्या वर्षाला असलेल्या मुलाला पटतं.

दुसरं, ‘एनर्जी’ म्हणजे काय ते बाटलीवर शोधायला सांगा. उष्मांक येतात ते साखरेतून, आणि तरतरी कॅफीनमधून. काही पेयांत शंभर मिलीला 11 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे 250 मिलीत साडेपाच चमचे. मैदानावर खेळून आल्यावर पाणी आणि खाणं लागतं. ते काम ही बाटली करत नाही.

धोक्याबद्दल एकच गोष्ट सरळ सांगा: घाईघाईत एकावर एक पिऊ नये. 2017 मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात 16 वर्षांच्या एका मुलाने दोन तासांच्या आत कॉफी, मोठा सॉफ्ट ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक घेतलं आणि तो वर्गात कोसळून मेला. कॅफीनमुळे ठोके बिघडले, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने काढला. असं क्वचित घडतं, हेही सांगा. पैज लावून बाटल्या रिकाम्या करणं आणि दारूत एनर्जी ड्रिंक मिसळणं, या दोन गोष्टींना मात्र घरात सूट नको. दारूबरोबर घेतलं की नशा चढल्याचं कळत नाही आणि जास्त प्यायली जाते.

महाराष्ट्रात जुलै 2024 मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांच्या 500 मीटर परिसरात जादा कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याचं जाहीर केलं होतं. मुलाच्या शाळेजवळ बाटली मिळते का, हे दुकानात डोकावून बघा आणि मिळत असेल तर पालक सभेत विषय काढा.

कमी करण्याचा क्रम

एकदम सगळं तोडलं तर 12 ते 24 तासांत डोकं दुखू लागतं, चिडचिड होते, आणि मुलाला वाटतं की कॉफीशिवाय आपल्याला जमतच नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलासाठी क्रम असा. पहिल्या तीन-चार दिवसांत फक्त रात्रीची कॉफी जाते, त्या जागी गरम दूध किंवा काहीच नाही. पुढचे तीन-चार दिवस बाटली अर्धी, मग बंद. नंतर चारची कॉफी अडीचच्या आत आणायची आणि पावडर अर्धा चमचा करायची. शेवटी तीही गेली की सकाळचा चहा उरतो, तो राहू द्या. दोन आठवड्यांत हे होतं.

हे सगळं परीक्षेच्या महिनाभर आधी उरका. पेपरच्या आठवड्यात कॅफीन सोडणंही वाईट आणि ‘आज जागायचंय’ म्हणून पहिल्यांदाच बाटली उघडणंही वाईट.

कधी जास्त झालं, तर हात थरथरणं, पोटात ढवळणं, अस्वस्थपणा हे आधी दिसतं. पुढचं कॅफीन थांबवा, पाणी द्या, मुलाला एकटं सोडू नका. छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे पडणं, वारंवार उलट्या, भोवळ किंवा झटका आला तर वाट न बघता 108 ला फोन करा, आणि काय किती प्यायलं हे सांगायला रिकामी बाटली बरोबर न्या.

सोडल्यानंतरची डोकेदुखी साधारण दोन ते नऊ दिवसांत जाते. त्यानंतरही डोकं दुखतच राहिलं, तर दोष कॅफीनवर ढकलू नका. डोळे तपासून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.