गुणपत्रिकेचे जपानी भाषांतर : श्रेणी आणि त्यांवरील टिपा

परदेशातील प्रवेश कार्यालयात विद्यार्थ्याआधी त्याची गुणपत्रिका पोहोचते. तेथील अधिकाऱ्याने आपले विद्यापीठ पाहिलेले नसते आणि आपली परीक्षापद्धती त्यास ठाऊक नसते. त्याच्यापुढे असतात ते केवळ काही आकडे व काही अक्षरे. त्यांचा अर्थ तो स्वतःच्या देशातील मापाने लावतो. जपानी भाषाशाळा व विद्यापीठे यांच्याकडे अर्ज करणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका जपानी भाषेत उतरविण्याचे काम आम्ही केले. त्या कामात आम्हांस असे आढळले की, विषयांची नावे भाषांतरित करणे सोपे आहे. कस लागतो तो श्रेणींच्या भाषांतरात. या लेखात आम्ही तेवढ्याच भागाचा विचार करणार आहोत.

जपानी माप

प्रथम वाचणाऱ्याचे माप समजून घेतले पाहिजे. जपानी विद्यापीठांत गुण १०० पैकी दिले जातात आणि उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारणपणे ६० गुण लागतात. जुन्या चार श्रेणी अशा : ८० व त्यापुढे ‘यू’, ७० ते ७९ ‘ऱ्यो’, ६० ते ६९ ‘का’ आणि ६० च्या खाली ‘फुका’, म्हणजे अनुत्तीर्ण. अनेक विद्यापीठांनी ९० च्या पुढील गुणांसाठी ‘शू’ ही पाचवी श्रेणी जोडली आहे. कित्येक ठिकाणी याच श्रेणी एस, ए, बी, सी व एफ या अक्षरांनी दाखवितात.

परदेशी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी या श्रेणींचे ३ पैकी गुणांक काढण्याची एक प्रचलित रीत आहे. ‘शू’ व ‘यू’ यांस ३, ‘ऱ्यो’ला २, ‘का’ला १ आणि ‘फुका’ला शून्य. प्रत्येक विषयाच्या गुणांकाला त्याच्या श्रेयांकांनी, जपानी भाषेत ‘तान्इ’नी, गुणावयाचे आणि बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागावयाचे.

एक उदाहरण

आता एका सत्राची गुणपत्रिका घेऊ. उदाहरण आम्ही मुद्दाम साधे रचले आहे. बी. ए. चा विद्यार्थी, पाच विषय, प्रत्येकी चार श्रेयांक. पाली ७१, इतिहास ६४, मराठी ५८, राज्यशास्त्र ५२, इंग्रजी ४७. विद्यापीठाच्या तालिकेत ८० पासून ‘ओ’, ७० पासून ‘ए प्लस’, ६० पासून ‘ए’, ५५ पासून ‘बी प्लस’, ५० पासून ‘बी’, ४५ पासून ‘सी’ आणि ४० ला उत्तीर्ण, असे दिले आहे असे धरू. त्यानुसार त्यास अनुक्रमे ९, ८, ७, ६ व ५ श्रेणीगुण मिळतात. सत्राची सरासरी होते ७.००. आपल्याकडे हा निकाल समाधानकारक मानला जाईल. विद्यार्थी सर्व विषयांत उत्तीर्ण आहे आणि दोन विषयांत त्याने साठी ओलांडली आहे.

ही पत्रिका जपानी मापात तीन प्रकारे उतरविता येते.

पहिला प्रकार गुणांचा. ७१ म्हणजे ‘ऱ्यो’, ६४ म्हणजे ‘का’ आणि उरलेले तिन्ही विषय ६० च्या खाली असल्यामुळे ‘फुका’. गुणांक होतो ३ पैकी ०.६. कागदोपत्री हा विद्यार्थी पाचांपैकी तीन विषयांत नापास ठरतो.

दुसरा प्रकार अक्षरांचा. ‘ए प्लस’ व ‘ए’ यांस ‘यू’, दोन्ही ‘बी’ना ‘ऱ्यो’ आणि ‘सी’ला ‘का’ दिले, तर गुणांक २.२ होतो.

तिसरा प्रकार प्रमाणाचा. १० पैकी ७ म्हणून ३ पैकी २.१.

विद्यार्थी तोच आणि पत्रिकाही तीच. परंतु एका उत्तराने तो अनुत्तीर्ण ठरतो आणि दुसऱ्याने मध्यम प्रतीचा. तिन्हींपैकी एकही उत्तर भाषांतरकाराने पत्रिकेत लिहावयाचे नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. आरंभी आम्ही सद्‌भावनेने अक्षरांच्या जागी थेट ‘यू’ व ‘ऱ्यो’ लिहीत असू. एका कार्यालयाने मूळ पत्रिका व भाषांतर शेजारी ठेवून विचारले, “मूळ कागदावर ही श्रेणी कोठे आहे?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. विद्यापीठाने जे लिहिलेच नव्हते ते आम्ही त्याच्या नावावर लिहिले होते. आमचा हेतू चांगला होता. परंतु खाडाखोड केलेल्या कागदाचा जो संशय येतो तोच त्या भाषांतराविषयी आला. ते सारे आम्हांस नव्याने करून द्यावे लागले.

तेव्हापासून आमचा नियम असा : रूपांतर करणे हा प्रवेश कार्यालयाचा अधिकार आहे; त्यासाठी लागणारी माहिती पुरविणे हे भाषांतरकाराचे काम आहे. पत्रिकेत गुण व श्रेणी मुळाप्रमाणेच ठेवाव्यात आणि प्रत्येक मापाविषयी खाली छोटी टीप द्यावी. टिपेच्या आरंभी ‘याकुचू’, म्हणजे भाषांतरकाराची टीप, असे स्पष्ट लिहावे. तसे केले म्हणजे विद्यापीठाचे शब्द कोणते आणि आमचे कोणते, याविषयी वाचणाऱ्यास शंका राहत नाही.

टिपेत काय असावे

चांगल्या टिपेत चार गोष्टी पुरतात : पूर्ण गुण किती (जपानी भाषेत ‘मान्तेन’), उत्तीर्ण होण्यास किमान किती गुण लागतात (‘गोकाकु साइतेइतेन’), या श्रेणीच्या वर व खाली कोणत्या श्रेणी आहेत, आणि ही माहिती मूळ कागदावर कोठे छापली आहे. यांत दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वरील उदाहरणात ‘उत्तीर्णतेसाठी किमान गुण ४०’ एवढे एक वाक्य असले, की ५८, ५२ व ४७ या तीन आकड्यांवरील ‘फुका’चे सावट दूर होते.

आम्ही वापरतो त्या टिपांचा आशय असा.

*माध्यमिक शालान्त परीक्षा, महाराष्ट्र राज्य मंडळ.* ‘प्रत्येक विषयास पूर्ण गुण १००, उत्तीर्णतेसाठी किमान ३५. एकूण ७५ टक्के व अधिक विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय श्रेणी, ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी. टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढली आहे.’ शेवटचे वाक्य गाळू नये. ते नसल्यास वाचणारा सहाही विषयांची बेरीज करतो आणि छापलेली टक्केवारी चुकली आहे असे समजतो. ही परीक्षा शालेय शिक्षणाच्या दहाव्या वर्षाअखेरीची आहे, हेही लिहावे. जपानमधील उच्च माध्यमिक शिक्षण बाराव्या वर्षी पूर्ण होते. म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रास ‘कोको’, म्हणजे उच्च माध्यमिक शाळा, पूर्ण केल्याचा दाखला म्हणणे चूक आहे.

येथे ‘प्रथम श्रेणी’ या शब्दाविषयी सावध राहावे. ‘इत्तो’ असे भाषांतर केल्यास जपानी वाचकास पहिला क्रमांक किंवा पहिले पारितोषिक वाटते. आम्ही ‘दाइइक्क्यू’ असे लिहितो आणि लगेच टक्क्यांची मर्यादा देतो. ‘विशेष प्रावीण्या’साठीही ‘यू’ हे अक्षर एकटे वापरीत नाही. कारण ते जपानी श्रेणीचे नाव आहे.

*विद्यापीठाची दहा गुणांची श्रेणी.* ‘सर्वोच्च श्रेणी ओ, १० गुण; त्यानंतर ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४; एफ अनुत्तीर्ण, शून्य गुण.’ विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचविलेली श्रेणी ही अशी आहे. परंतु कोणत्या श्रेणीस किती टक्के, हे प्रत्येक विद्यापीठ आपले ठरविते. म्हणून टक्क्यांची तालिका त्या पत्रिकेच्या पाठीमागून किंवा त्या विद्यापीठाच्या पत्रावरूनच घ्यावी. शेजारच्या विद्यापीठाची घेऊ नये.

या श्रेणीतील तीन अक्षरे विशेष फसवी आहेत. ‘ओ’ हे अक्षर जपानी वाचकास शून्य किंवा बरोबर उत्तराचे वर्तुळ वाटू शकते. म्हणून ते सर्वोच्च श्रेणीचे आद्याक्षर आहे, असे लिहावे. ‘ए’ ही आपल्याकडे वरून तिसरी श्रेणी आहे, हे क्रमावरून दिसले पाहिजे. ‘पी’ ही येथे सर्वांत खालची उत्तीर्ण श्रेणी आहे. पुष्कळ ठिकाणी तेच अक्षर श्रेणी न देता केवळ उत्तीर्ण केल्याची खूण असते.

*सरासरी व टक्के.* दहा गुणांच्या सरासरीस दहाने गुणून टक्के काढण्याचा मोह टाळावा. केंद्रीय मंडळाने दहावीसाठी काही वर्षे जी सरासरी पद्धत चालविली, तिच्यात गुणक ९.५ होता; म्हणजे पूर्ण १० मिळविणाऱ्याचे टक्के ९५ होत. विद्यापीठांची सूत्रेही निरनिराळी आहेत. आमच्या उदाहरणातील विद्यार्थ्याची सरासरी ७.०० आहे, परंतु त्याच्या गुणांचे प्रत्यक्ष टक्के ५८.४ होतात. दहाने गुणले असते तर ७० आले असते. सूत्र पत्रिकेवर छापले असेल तरच टिपेत द्यावे, अन्यथा विद्यापीठाकडून तसे पत्र मागवावे.

*राहिलेला विषय.* ‘एटीकेटी’ या शब्दाला जपानी प्रतिशब्द नाही. ‘फुका’ एवढेच लिहिले तर विद्यार्थी त्या वर्षी थांबला असा अर्थ होतो. टीप अशी द्यावी : ‘एखादा विषय राहिला असता पुढील वर्गात जाण्याची नियमाने दिलेली परवानगी.’ नंतरच्या पत्रिकेत तो विषय सुटला असेल, तर ‘साइशिकेन नी ते गोकाकु’, म्हणजे पुनर्परीक्षेत उत्तीर्ण, असे तारखेसह नोंदवावे. राहिलेला विषय लपविण्याचा आग्रह कधी कधी घरच्यांकडून होतो. तो मानू नये. मूळ पत्रिका सोबत असतेच, आणि एक ओळ गाळलेली आढळली की उरलेल्या सर्व ओळींवरचा विश्वास जातो.

शेवटची तपासणी

काम पूर्ण झाल्यावर आम्ही दोघे बसतो. एकजण मूळ पत्रिकेतील आकडे मोठ्याने वाचतो. दुसरा भाषांतरावर बोट ठेवून ताडून पाहतो. त्यानंतर मूळ पत्रिका बाजूला ठेवून केवळ भाषांतर व टिपा यांवरून तीन प्रश्नांची उत्तरे शोधतो : हा विद्यार्थी कोणत्या विषयांत उत्तीर्ण आहे? त्याच्या श्रेणीच्या वर किती श्रेणी आहेत? छापलेली सरासरी आम्हांस पुन्हा काढता येते का? वरील पत्रिकेपुरती उत्तरे अशी : पाचही विषयांत, पालीच्या श्रेणीवर एक आणि इंग्रजीच्या श्रेणीवर पाच, आणि ३५ गुणिले ४, भागिले २०, म्हणजे ७.००. ही तीन उत्तरे टिपांतून मिळाली, तरच आम्ही खाली भाषांतरकाराचे निवेदन व तारीख लिहून सही करतो.