बर्फाच्या मशीनचा विषय मीटिंगला येतो तेव्हा: संचालक मंडळासाठी एक पानी टिपणी कशी लिहावी

मंडळी, गेल्या वेळी आपण ताळेबंद कसा वाचायचा ते पाहिलं. आज त्याच्याच पुढचा विषय. संचालक मंडळापुढे मोठ्या खर्चाचा प्रस्ताव येतो, तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यावर एक पान असावं लागतं. कोणता निर्णय हवा, कोणते पर्याय आहेत, शिफारस कुठली आणि पैशाचा भार किती, एवढं त्या पानावर. ते पान मीटिंगच्या किमान सात दिवस आधी संचालकांच्या हातात पडलं पाहिजे. बोटमालकांनीही हे समजून घ्यावं, कारण त्या पानावर शेवटी तुमच्याच बर्फाचा दर ठरतो.

उदाहरण बर्फ कारखान्याचंच घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापल्या सोसायटीत आपल्या वहीतले घाला. समजा, ५० किलोच्या २०० लाद्या रोज लागतात आणि हंगामात २४० दिवस बर्फ जातो. म्हणजे वर्षाला ४८,००० लाद्या. जुना कॉम्प्रेसर गेल्या हंगामात २० दिवस बंद पडला.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी विषयपत्रिकेवर लिहिलेलं असतं, ‘कॉम्प्रेसरबाबत चर्चा करणे’. मग चर्चाच होते. तास-दीड तास जुन्या मेकॅनिकचा उद्धार होतो आणि विषय पुढच्या सभेवर जातो. त्यापेक्षा टिपणीची पहिली ओळ अशी हवी की सचिवांना ती तशीच ठरावात उतरवता येईल: ‘१४ लाख रुपयांपर्यंत खर्चून नवीन कॉम्प्रेसर घेण्यास, त्यासाठी १० लाख कर्ज व ४ लाख स्वनिधी वापरण्यास, आणि १५ एप्रिलपूर्वी ऑर्डर देण्यास मंजुरी मिळावी.’ यात रक्कम आहे, पैसा कुठून येणार ते आहे आणि तारीख आहे. या तिन्हींतलं एक जरी नसलं तरी ठराव होतो, पण काम अडतं.

तारखेचं कारणही एका वाक्यात द्यावं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मशीन बदलायचं तर त्याच ६१ दिवसांत. पुरवठादार माल यायला ४५ दिवस सांगत असेल आणि निर्णय जूनच्या सभेत झाला, तर ऑगस्टला बोटी बाहेर पडतील तेव्हा मशीन अजून वाटेतच असेल. म्हणून ही टिपणी मार्चच्या सभेला गेली पाहिजे.

आता पर्याय. ‘काहीच करायचं नाही’ हा पहिला पर्याय लिहावाच, आणि त्याची किंमतही लिहावी. तो फुकटचा वाटतो, पण नसतो. मशीन चालू असताना आपल्याला लादी ५५ रुपयांना पडते. बंद पडलं की बाहेरून ९५ ला आणावी लागते, आणि सभासदाला विकतो आपण ८० लाच. लादीमागे ४० रुपये जादा, २० दिवसांच्या ४,००० लाद्या, म्हणजे १ लाख ६० हजार गेले. बर्फासाठी बोट ताटकळली, बांगडा नरम पडून दर उतरला, ते नुकसान सोसायटीच्या वहीत येतच नाही. ते आकड्यात धरू नका, मोजलेलं नसतं. पण एक ओळ जरूर लिहा.

दुसरा पर्याय ओव्हरहॉलिंगचा, साडेतीन लाखांचा. जुनं मशीन लादीमागे साडेचार युनिट वीज खातं, दुरुस्तीनंतर चार खाईल असं धरू. युनिट ६ रुपये धरलं तर लादीमागे ३ रुपये वाचतात, वर्षाला १ लाख ४४ हजार. पैसे सुटायला जवळपास अडीच वर्षं. मशीन पुन्हा बंद पडणार नाही असं मात्र कुठलाही मेकॅनिक लिहून देत नाही, त्यामुळे बंद दिवसांची बचत इथे धरता येत नाही.

तिसरा पर्याय नवीन मशीन. इथे कोटेशन नीट वाचायला हवं. कोटेशनवर ११ लाख दिसतात, पण १८ टक्के जीएसटी धरला की १२ लाख ९८ हजार होतात. पाया, पाइपजोडणी, अमोनिया भरणं आणि वाहतूक धरून आणखी १ लाख २ हजार. झाले १४ लाख. सभेत ११ लाख मंजूर करून नंतर तीन लाखांसाठी पुन्हा हात पसरणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. जुन्या मशीनचं भंगार किती येईल ते वेगळ्या ओळीत लिहा. विकलं जाईपर्यंत खर्चातून वजा करू नका.

नव्या मशीनला साडेतीन युनिट पुरतात, म्हणजे लादीमागे ६ रुपये वाचतात, वर्षाला २ लाख ८८ हजार. त्यात बंद दिवसांचे १ लाख ६० हजार मिळवले की बचत ४ लाख ४८ हजार. आता दुसरी बाजू. १० लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी, वर्षाला २ लाख मुद्दल. पहिल्या वर्षी व्याजासह ३ लाख १० हजार भरायचे. हातात उरतात १ लाख ३८ हजार.

बऱ्याच टिपण्या इथेच थांबतात. पण मासळी कमी लागली तर? रोज १५० च लाद्या गेल्या तर बचत ३ लाख ३६ हजारांवर येते, हप्ता जेमतेम निघतो. १४० च्या खाली गेल्या की हप्त्याला दुसरीकडून पैसे घालावे लागतात. हा ‘१४०’ टिपणीत ठळक लिहावा. मग संचालक मागच्या पाच वर्षांची बर्फविक्रीची वही काढतील आणि त्याखाली गेलेली वर्षं मोजतील. वादावादीपेक्षा ते बरं. पाचांतली दोन-तीन वर्षं खाली असतील तर शिफारस ओव्हरहॉलिंगची करावी. एकही नसेल तर नवीन मशीनची.

शिफारस एकच असावी आणि ती कोणाची आहे ते खाली लिहावं. ‘मंडळाने योग्य तो निर्णय घ्यावा’ ही शिफारस नव्हे, ते अंग काढून घेणं झालं. कोटेशन देणारा कोणा संचालकाचा नातलग असेल तर तेही इथेच लिहावं, आणि त्या संचालकाने मतदानाला बसू नये. गावात असं असतंच, त्यात लपवायचं काही नाही. नंतर कळलं की मात्र अख्ख्या मंडळावर शिंतोडे उडतात.

आर्थिक भाराच्या शेवटी दोन गोष्टी राहतात. एक, कर्ज काढायची मंडळाची मर्यादा उपविधीत किती आहे. तिच्या वर जात असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल, आणि त्या सभेची तारीखही टिपणीत धरावी लागेल. दोन, लादीचा दर. ‘दर ८० रुपयेच राहील’ किंवा ‘ऑगस्टपासून ८३ होईल’, जे असेल ते सरळ लिहावं. एवढं सगळं एका पानात बसतं. कोटेशनं, वीजबिलं आणि विक्रीची वही मागे जोडायची.