‘एकदा नजर टाका’ एवढ्याने भागत नाही

महाविद्यालयात शिकवायला लागल्यापासून सहकाऱ्यांचे परिचय माझ्याकडे तपासायला येतात. सोबतच्या पत्रात बहुधा एकच ओळ असते: ‘सर, परिचय जोडलाय, एकदा नजर टाका.’ अशा पत्राला वाचणारा काय उत्तर देणार? ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो, एखादा स्वल्पविराम हलवतो आणि ‘छान झालाय’ लिहून मोकळा होतो. काय तपासायचं ते सांगितलं नाही, की माणूस चटकन दिसेल तेवढंच तपासतो.

आमच्याकडे भूगोल शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला हे महागात पडलं. विहिरींच्या पाणीपातळीवर त्याचं व्याख्यान होतं. परिचयात लिहिलं होतं, ‘त्यांनी तालुक्यातील विहिरींच्या पाणीपातळीचा अभ्यास केला.’ शुद्धलेखनाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष. पण तो अभ्यास त्याने दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका बाईंबरोबर केला होता. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजपट्टी घेऊन विहिरीवर जायच्या त्या बहुतेक वेळा बाईच. आदरार्थी ‘त्यांनी’ एकालाही चालतं आणि अनेकांनाही. त्यामुळे सोबतचं माणूस वाक्यातून गळलं तरी लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही. निवेदकाने परिचय वाचला तेव्हा बाई श्रोत्यांत होत्या. पुढचं सर्वेक्षण त्या दोघांनी एकत्र केलं नाही.

त्यानंतरच्या व्याख्यानाच्या वेळी त्याचं पत्र आलं ते असं:

‘सर, नमस्कार. पुढच्या महिन्यात शेतकरी मेळाव्यात माझं व्याख्यान आहे. निवेदक परिचय मोठ्याने वाचणार आहेत. मर्यादा १२० शब्दांची आहे, माझा मसुदा १७० वर गेलाय. तुम्ही माझं काम जवळून पाहिलंय, म्हणून तीन गोष्टी विचारतो. माझ्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय घेणारं वाक्य कोणतं? उलट, मी केलेलं कोणतं काम फार त्रोटक आलंय? आणि ५० शब्द कमी करायचे तर तुम्ही आधी काय काढाल? शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घेतोय, ते सोडून द्या. मसुद्यावरच खुणा केल्यात तरी चालेल. मंगळवारपर्यंत कळवा, जमणार नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारेन.’

या पत्राला ‘छान’ म्हणून उत्तर देताच येईना. ‘पाणलोट प्रकल्पाचे नेतृत्व केले’ या वाक्याखाली मी रेघ मारली, कारण त्याने प्रकल्पासाठी नकाशे तयार केले होते, नेतृत्व दुसऱ्याचं होतं. प्रबंध सादर झाला होता, पण तोंडी परीक्षा व्हायची होती, म्हणून नावामागचं ‘डॉ.’ काढायला सांगितलं. गावातल्या मुलांना त्याने पातळी मोजायला शिकवलं होतं, ते मात्र शेवटी ‘विविध उपक्रमांत सहभाग’ यात बुडून गेलं होतं. मेळाव्यातल्या शेतकऱ्यांना तेच ऐकायचं असणार, म्हणून ते वर घ्यायला लावलं. शब्द कमी झाले ते चर्चासत्रांची यादी काढल्यावर.

त्याच्या प्रश्नांचा घाट लक्षात घ्या. ‘कुठे जास्त झालंय का?’ असं विचारलं की भिडेपोटी ‘नाही’ असंच उत्तर येतं. ‘कोणतं वाक्य?’ म्हटलं की बोट ठेवावंच लागतं. दुसऱ्या प्रश्नामुळे वाचणाऱ्यावर नुसत्या चुका काढायची वेळ येत नाही, त्यामुळे पहिल्याचं उत्तरही तो मोकळेपणाने देतो. शब्दमर्यादा सांगितली की काय ठेवावं हा आवडीचा प्रश्न राहत नाही, निवड करावीच लागते. परिचय कोण ऐकणार हे कळल्याशिवाय तर यातलं काहीच ठरवता येत नाही.

पत्र कुणाला पाठवायचं, हेही पाहावं. काम माहीत असलेला, पण तुमच्या मर्जीवर अवलंबून नसलेला माणूस हवा. तुमच्या हाताखालचा माणूस श्रेयाबद्दल खरं बोलणार नाही. जिच्यासोबत काम केलं त्या व्यक्तीला मात्र तिच्याशी संबंधित वाक्य वेगळं दाखवून ‘हे असं लिहिलं तर चालेल ना?’ एवढं विचारून घ्यावं. पदव्या, वर्षं, पुरस्कारांची नावं सहकाऱ्यावर सोडू नयेत. ती प्रमाणपत्रं समोर ठेवून आपणच जुळवायची.

एवढं करूनही नुसतं कौतुकच परत आलं, तर तिन्ही प्रश्न पुन्हा पाठवू नका. फोन करून एकच विचारा: ‘एक वाक्य काढायचंच झालं, तर कोणतं काढाल?’ ज्या वाक्याचं नाव येईल, त्यातला दावा आधी तपासा.