बोटांनी वाचायचा दूधगंगेचा नकाशा

चि. राणी,

तुझ्या वर्गातल्या, अजिबात न दिसणाऱ्या मुलीला नद्यांचा धडा कसा शिकवायचा, असं तू विचारलंस. पुस्तकातला नकाशा जसाच्या तसा उठावाचा करू नकोस. डोळा सगळं चित्र एकदम पाहतो, बोट मात्र तुकड्यातुकड्यानं गोळा करतं. म्हणून नकाशात पाचच गोष्टी ठेव: दूधगंगा, वेदगंगा, हमरस्ता, कोगनोळी आणि निपाणी.

दोन्ही तळहात शेजारीशेजारी मावतील एवढा पुठ्ठा घे. उजवीकडचा वरचा कोपरा काप, म्हणजे पुठ्ठा उलटा धरलाय का हे तिचं तिलाच कळेल. नद्यांना सुतळी, रस्त्याला पॉलिश पेपरची पट्टी. कोगनोळीला शर्टाचं बटण, निपाणीला कोटाचं मोठं. नद्यांची बारीकसारीक वळणं सोडून दे, ती बोटाला नुसता गोंधळ वाटतात. दोन रेषांत अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर राहिलं तर त्या एकच वाटतात. पूल येतो तिथं सुतळी सलग ठेव आणि पट्टी दोन्ही बाजूंना थोडी तोड. फेविकॉल रात्रभर वाळू दे.

नकाशा तिला आदल्या दिवशीच दे. वर्गात पहिल्यांदा हाती आला तर ती चाचपडत राहील आणि तुझं बोलणं पुढं निघून जाईल.

काय बोलायचं तेही टाचणात लिहून ठेव. आधी सगळं मिळून काय आहे ते सांग, मग वाट: “रस्ता वरून खाली, उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. त्यावर बोट ठेवून खाली ये. पहिली सुतळी दूधगंगा. मग छोटं बटण, आपलं गाव. त्याखाली वेदगंगा, मग निपाणी. आता दोन्ही सुतळ्या उजवीकडे धरून चल, भोजजवळ त्या एक होतात.” एवढं झालं की गप्प राहा. बोटं थांबेपर्यंत पुढचं वाक्य नको. फळ्याकडे हात करून “ही इथून अशी वळते” म्हणालीस तर तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. डावी-उजवी, वर-खाली बोललीस तर बाकीच्या पोरांचाही फायदाच होईल.

तिनं धडा घडाघडा म्हणून दाखवला तरी समजला असं धरू नकोस, ऐकून पाठ होतं. सुटी सुतळी आणि बटणं देऊन कोऱ्या पुठ्ठ्यावर नकाशा मांडायला लाव. मग तू न सांगितलेलं विचार: दोन्ही नद्या एक होतात ती जागा रस्त्याच्या कुठल्या अंगाला? बोट संगमावरून रस्त्याकडे मागं आलं आणि मग “पूर्वेला” म्हणाली, तर नकाशा तिला वाचता आला. बोट नुसतं इकडंतिकडं फिरलं तर नकाशात गर्दी झालीय. एक नदी काढून पुन्हा सुरुवात कर.

ब्रेल नावं तालुक्याच्या विशेष शिक्षकांकडून करून घे, आणि कन्नडच्या बाईंनाही हा पुठ्ठा दाखव. 1951 पासूनच्या भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांची टिंबं एकच, पहिलं आणि तिसरं. कोगनोळी, निपाणी, वेदगंगा ही नावं तिला कन्नडच्या तासालाही त्याच पुठ्ठ्यावर वाचता येतील.

तुझी,
आत्या