चिठ्ठी फ्रेंचमध्ये, पण गोष्ट तुमच्याच घरातली

अगं सोनू, जावईबापूंच्या वाढदिवसाला फ्रेंचमध्ये चिठ्ठी लिहायची, हे तुला छान सुचलं. पुण्यात दोघं एकाच वर्गात फ्रेंच शिकलात. फैजपूरच्या भरल्या घरात सासूबाईंपासून पुतण्यापर्यंत कुणाच्याही हाती चिठ्ठी पडली तरी ती फक्त जावईबापूंनाच कळेल.

पण तयार वाक्यं उतरवू नकोस. 'माझं हृदय', 'माझा सूर्य' हे फ्रेंचमध्येही गुळगुळीत झालंय. रोझमोंद जेरार यांच्या कवितेतली एक ओळ तर अधिक-उण्याची चिन्हं घालून गळ्यातल्या पदकांवर कोरून विकतात. शिवाय असं वाक्य पुरुषाच्या तोंडचं असलं तर लगेच कळतं. 'मी सुखी आहे' हे पुरुष 'ज स्वी अरो' म्हणतो, बाईनं 'ज स्वी अरोझ' लिहायचं.

तू त्यांना 'अहो' म्हणतेस, म्हणून चिठ्ठीतही 'वू' लिहावंसं वाटेल. नको गं. नवरा-बायकोत 'वू' परकं वाटतं, 'त्यू'च लिही. आणि 'ज तेम'ला जोर यावा म्हणून पुढे 'बियँ' लावू नकोस. त्यानं जोर येत नाही, उलट प्रेमाचं नुसतं 'बरा वाटतोस' होऊन बसतं.

मग लिहायचं काय? जे फक्त तुलाच दिसतं, ते. मागे तू सांगितलं होतंस, रात्री दोनला लाइट आली की ते केळीला पाणी द्यायला उठतात, पण तुझी झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाहीत. तेवढंच धर:

'कां ल कुरां रव्हियँ आ द्यो-झर द्यू मातँ, त्यू त लेव्ह सां आल्यूमे ला लांप. त्यू क्रुआ क ज दॉर. ज तातां. रेस्त अँ प्यो, ओजुर्द्वी. बॉन-आनिव्हेर्सेर.'

म्हणजे, पहाटे दोनला लाइट येते तेव्हा तू दिवा न लावता उठतोस. तुला वाटतं मी झोपलेय. मी तुझी वाट पाहत असते. आज थोडा थांब. वाढदिवसाच्या शुभेच्छा.

बघ, यात प्रेम हा शब्दच नाही, तरी ही चिठ्ठी दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. हीच कसोटी लाव: वाक्य शेजारणीच्या नवऱ्यालाही चालत असेल तर खोडून टाक. वाक्यं छोटी आणि वर्तमानकाळातली ठेव, म्हणजे तुम्ही वर्गात शिकलात तेवढ्या व्याकरणात चुका होत नाहीत. लिहून झालं की एकदा मोठ्यानं वाच. जिथे स्वतःलाच संकोच वाटेल ते वाक्य ठेव, जिथे भाषण दिल्यासारखं वाटेल ते काढ.

आणि पाच-सहा वाक्यांपुढे जाऊ नकोस. आणखी सुचलंच, तर ते पुढच्या वाढदिवसाला ठेव.